अट क्रमांक सात

वकीलसाहेब, नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी शिक्षण सेवक आहे, नववी-दहावीला विज्ञान शिकवते. १ जुलैला रुजू झाले होते, येत्या ३० जूनला तीन वर्षं भरतात. नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आहे. ८ एप्रिलला शाळेचा शिपाई घरी आला, पत्र दिलं आणि पोच म्हणून सही घेऊन गेला. पत्रावर तारीख २ एप्रिल. त्यात लिहिलंय, "आपले काम समाधानकारक नाही व आपले वर्तन शाळेची शिस्त बिघडविणारे असल्याने नेमणूक आदेशातील अट क्र. ७ नुसार आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे." अट सात अशी, की परिविक्षा काळात कोणतीही सूचना अथवा कारण न देता कमी करता येईल. खाली माझी सही आहे. महिन्याचं मानधन दिलेलं नाही. आजवर एकही मेमो नाही. रुजू होताना दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. मुख्याध्यापक म्हणतात, राजीनामा देऊन टाका, जूनमध्ये परत घेऊ. सचिवांच्या नात्यातल्या कुणाला तरी लावायचंय असं कानावर येतंय. माझा भाऊ वाळूजला कंपनीत आहे. तो म्हणतो, प्रोबेशनवर कायदाच लागत नाही. खरं आहे का?
– एक शिक्षिका, परभणी जिल्हा

ताई, सगळ्यात आधी कॅलेंडरवर ८ मेच्या तारखेला गोल करा. खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला कामावरून कमी केलं, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला आदेश हातात पडल्यापासून तीस दिवस मिळतात. पत्रावर २ एप्रिल असलं तरी ते तुमच्या हातात ८ एप्रिलला आलं. ९ तारखेपासून मोजा, तिसावा दिवस ८ मे येतो. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण "मुख्याध्यापक जूनमध्ये घेतो म्हणाले म्हणून थांबले" हे कारण सांगायची वेळ स्वतःवर आणू नका. असली आश्वासनं बहुतेक वेळा तीस दिवस उलटेपर्यंतच टिकतात. एप्रिलमध्ये हातात पत्र आणि जूनमध्ये वकिलाची पायरी, अशी प्रकरणं मी इतकी पाहिली आहेत, की उन्हाळी सुट्टी ही मला आता संस्थाचालकांचीच सोय वाटते.

आता अट सात. तुमची सही आहे म्हणून ती तुम्हाला बांधते, असं तुम्हाला वाटतंय. तुमच्या भावाच्या कंपनीत तसं बऱ्याच अंशी होईलही, त्याबद्दल शेवटी लिहितो. पण शाळेचं तसं नाही. महाराष्ट्रात १९७७ साली खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. शिक्षक मंडळी त्याला 'एमईपीएस कायदा' म्हणतात. अनुदानित असो की विनाअनुदानित, मान्यताप्राप्त खासगी शाळेला तो लागू आहे. परिविक्षेवर असलेल्या माणसाला कधी आणि कसं काढायचं, हे त्याच्या कलम ५ मध्येच लिहिलेलं आहे. कायद्यानं एक रीत ठरवून दिली असताना संस्थेनं नेमणूक आदेशात दुसरी रीत टाईप केली आणि त्याखाली तुमची सही घेतली, तरी कायद्याची रीत बदलत नाही. सही करून तुम्ही कायद्यानं दिलेलं संरक्षण सोडून दिलं, असं होत नाही.

कलम ५ च्या पोटकलम ३ मध्ये दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की परिविक्षा काळात तुमचं काम किंवा वर्तन समाधानकारक नाही असं व्यवस्थापनाचं मत झालं, तरच ते तुम्हाला काढू शकतात. म्हणजे कारण लागतंच, आणि ते कोणतं असावं हेही कायद्यानंच ठरवलंय. "कारण न देता" ही भाषा इथेच गळून पडते. दुसरी अशी, की काढताना एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार किंवा मानधन. 'मानधन' हा शब्द कायद्यात आहे, कारण शिक्षण सेवकही या पोटकलमात येतात. २०२३ पासून माध्यमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन महिन्याला १८,००० रुपये आहे. तुम्हाला ना महिना मिळाला, ना अठरा हजार.

पण एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका. सगळी लढाई या अठरा हजारांवर उभी करू नका. हा मुद्दा अपिलात घ्यायचाच, पण नुसता तोच घेतला तर संस्था पुढच्या तारखेला रक्कम घेऊन उभी राहते आणि वाद नोकरीवरून पैशावर घसरतो. तुमची खरी ताकद पहिल्या अटीत आहे. काम समाधानकारक नाही, हे मत व्यवस्थापनानं कशावरून बनवलं?

या कायद्याखाली १९८१ चे नियम आहेत. त्यातल्या नियम १५ चा उपनियम ६ सांगतो, की परिविक्षेवर असलेल्या कर्मचाऱ्याच्या कामाचं मूल्यमापन मुख्याध्यापकानं त्या काळात वस्तुनिष्ठपणे करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये याच कायद्यातल्या एका प्रकरणात ही दोन्ही टोकं जोडली. एरवी परिविक्षाधीन माणसाला काढताना, पुढची नोकरी अडेल असा डाग लागत नसेल तर, काम असमाधानकारक आहे एवढं कळवलं की पुरतं, खुलासे देत बसावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या बाबतीत मात्र कलम ५(३) मधलं समाधान नियम १५(६) सोबत वाचायचं, असं न्यायालय म्हणालं. नियम कलमावर कुरघोडी करू शकत नाही, हेही त्यात आहे. म्हणजे व्यवस्थापनाचा अधिकार शाबूत आहे, पण तो वापरताना मूल्यमापनाची नोंद विचारात घ्यावीच लागते. नोंदच नसेल, तर मत कशावर बनलं याचं उत्तर संस्थेला देता येत नाही.

तुम्ही म्हणता एकही मेमो नाही. हे तुमच्या बाजूचं आहे, पण तेवढ्यानं निश्चिंत होऊ नका. कारण अपिलाची नोटीस शाळेत पोहोचली, की तीन वर्षांचं मूल्यमापन एका दुपारी तयार होऊ शकतं. मी असे कागद हाताळले आहेत. तिन्ही वर्षांचे शेरे एकाच शाईत, एकाच हाताच्या वळणात, आणि शेवटच्या वर्षाच्या फॉर्मचा नमुना पहिल्या वर्षाच्या शेऱ्यालाही वापरलेला! असा कागद ओळखायचा तर त्याच्या शेजारी दुसरं काय असायला हवं होतं ते विचारायचं. मेमो दिला म्हणतात, तर जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक कुठे आहे, आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या क्रमांकांच्या तारखा काय आहेत? वर्गनिरीक्षण केलं म्हणतात, तर मुख्याध्यापकांच्या लॉगबुकात त्या दिवशी, त्या तासाला तुमचा वर्ग दिसतो का, आणि वेळापत्रकाप्रमाणे तो तास तुमचाच होता का? प्रतिकूल शेरा कळवला म्हणतात, तर तुमची पोच कुठे? दहावीचा तुमच्या विषयाचा निकाल, तुमची टाचणवही आणि त्यावरच्या मुख्याध्यापकांच्या सह्या, हे सगळं आजच्या आज एका फाइलीत लावा. टाचणावर आठवड्याच्या आठवड्याला "पाहिले" अशी सही करणारा मुख्याध्यापक तीन वर्षं तुमच्या कामावर नाराज होता, हे पटवणं सोपं नाही.

अनुदानित शाळा माहिती अधिकारात येते. तेव्हा जावक नोंदवही, लॉगबुक, तुमचे मूल्यमापन अहवाल आणि तुम्हाला कमी करण्याचा व्यवस्थापनाचा ठराव यांच्या प्रती मागा. ठराव मुद्दाम मागा, कारण काढण्याचा अधिकार व्यवस्थापनाचा आहे, एकट्या मुख्याध्यापकाचा नाही. ठराव नसेल, किंवा तो २ एप्रिलनंतरच्या बैठकीचा असेल, तर ते तुमच्या कामाचं आहे. फक्त माहिती अधिकाराचं उत्तर यायला तीस दिवस लागू शकतात, आणि अपिलाची मुदतही तीसच दिवसांची आहे. उत्तराची वाट पाहत बसू नका. अपील दाखल करा, कागद मागून जोडता येतात.

पत्रावरची ती २ एप्रिल तारीख मला खटकते. "आजपासून समाप्त" आणि तारीख दोनची, म्हणजे तुम्ही २ ते ८ एप्रिल शाळेत काय करत होतात? हजेरीपटावर तुमच्या सह्या असतील, तास घेतले असतील, परीक्षेचं पर्यवेक्षण केलं असेल. जे समोर असेल त्याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या आठवड्यात तुम्ही काही पाठवलं असेल, तर ते पुसू नका. यावरून नोकरी मिळणार नाही, पण कागद मागची तारीख टाकून बनवला, एवढं दिसलं तर त्याच हातानं बनवलेल्या बाकीच्या कागदांकडेही न्यायाधिकरण सावधपणे पाहतं.

आता पत्रातलं ते दुसरं अर्धं वाक्य. "आपले वर्तन शाळेची शिस्त बिघडविणारे." संस्थेच्या सल्लागारानं हे लिहायला नको होतं. "काम समाधानकारक नाही" एवढंच असतं, तर त्यात डाग नव्हता. ती परिविक्षेची नेहमीची भाषा आहे, त्यानं पुढची नोकरी अडत नाही. शिस्त बिघडवली, हा मात्र आरोप आहे. वर्तन समाधानकारक नसल्यामुळे काढता येतं हे खरं, पण ठरावीक गैरवर्तनाचा आरोप हाच काढण्याचा पाया असेल, तर आधी आरोप सांगावे लागतात, तुमचं ऐकावं लागतं, चौकशी करावी लागते. न्यायालयं इथे हेतू आणि पाया असा फरक करतात. मनात शंका आली आणि चौकशीच्या भानगडीत न पडता परिविक्षा संपवली, तर ती शंका फक्त हेतू राहते आणि आदेश टिकतो. तुमच्या पाठीमागे दोष ठरवून टाकला आणि त्यावर आदेश उभा केला, तर तो दोष पाया होतो आणि आदेश कोसळतो. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्राच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही म्हटलं, की डाग आदेशात थेट दिसलाच पाहिजे असं नाही. आदेशात ज्या जुन्या पत्रांचा उल्लेख असतो त्यांत तो असला तरी पुरतो. म्हणून तुमच्या पत्राच्या वरच्या बाजूला 'संदर्भ' म्हणून काही लिहिलंय का बघा. एखादी तक्रार, एखाद्या पालकाचा अर्ज, सचिवांची टिपणी? असेल तर तीही मागायची.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एवढं वाक्य डाग म्हणून पुरेल की नाही, यावर समोरचा वकील बराच वेळ बोलेल. कामाचा आणि वर्तनाचा ढोबळ शेरा आहे, असं तो म्हणेल. म्हणून मी हा मुद्दा दुसरा ठेवीन आणि मूल्यमापनाचा पहिला.

सचिवांच्या नातेवाइकाची गोष्ट अपिलात लिहा, पण एका परिच्छेदात. कानावर आलेलं न्यायाधिकरणाच्या कानात शिरत नाही. तुमच्या जागेची जाहिरात निघाली, किंवा जूनमध्ये त्या जागेवर कुणी दिसलं, तर तो कागद लगेच हजर करा.

३० जूनचं काय? शिक्षण सेवकाची परिविक्षा तीन वर्षांची असते. ती पूर्ण झाली, आणि मधे पोटकलम ३ खाली काढलं नाही, की माणूस कायम शिक्षक झाल्याचं कायदाच मानतो. कायम केल्याचं वेगळं पत्र लागत नाही. आणि एकदा कायम झालात, की काढायला तीन जणांच्या चौकशी समितीपासून सुरुवात करावी लागते: एक व्यवस्थापनाचा, एक तुम्ही सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. तीन महिने आधी पत्र का आलं, ते यातून कळेल. पण "माझी तीन वर्षं जवळजवळ झालीच होती" हा युक्तिवाद चालत नाही. शेवटच्या महिन्यातही त्यांना अधिकार आहे, फक्त तो नीट वापरलेला हवा.

इथेच ती जूनची गोष्ट येते. पोटकलम ३ खाली काढलं आणि वर्षाच्या आत त्याच व्यवस्थापनानं परत घेतलं, तर आधीचा परिविक्षा काळ धरला जातो, अशी तरतूद कलम ५ मध्येच आहे. कायदा करणाऱ्यांना ही 'काढा आणि परत घ्या' युक्ती ठाऊक होती. तुम्ही स्वतः राजीनामा दिला, तर हे संरक्षण मागायला जागा राहत नाही आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मुख्याध्यापक राजीनामाच का मागताहेत, ते आता तुम्हीच ठरवा.

त्या दोन कोऱ्या कागदांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मराठवाड्यात हे चालतं, तुम्हालाही माहीत आहे, मलाही. कायद्याच्या कलम ७ नं राजीनाम्याची रीत ठरवली आहे. कर्मचाऱ्यानं पत्र दोन प्रतींत लिहायचं, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर टपालानं व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. शिपायाच्या हातून पोहोचलेला, टपालाची पावती नसलेला, वरचा मजकूर टाईप आणि खाली तीन वर्षांपूर्वीची सही असा राजीनामा या कलमात बसत नाही. तरी तो निघण्याआधीच तुम्ही बोललेलं बरं. या आठवड्यातच एक पत्र लिहा: मी राजीनामा दिलेला नाही, देण्याचा विचारही नाही; रुजू होताना माझ्याकडून दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आहेत, त्यांचा वापर झाल्यास तो माझा राजीनामा समजू नये; ८ एप्रिलला मला कमी केल्याचं पत्र मिळालं असून ते मला मान्य नाही. हे पत्र शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, परभणी यांना, प्रत संस्थेच्या अध्यक्षांना आणि मुख्याध्यापकांना. रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, तेव्हा काउंटरवर नोंदणीची सोय सांगून मागा आणि पावत्या जपा. ज्या संस्थेनं स्वतः २ एप्रिलला काढल्याचं लिहून दिलं, तिला नंतर "बाईंनी राजीनामा दिला" म्हणणं अवघड जातं. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

न्यायाधिकरणात गेल्यावर संस्थेचा पहिला बचाव बहुधा तुमच्या कामाबद्दल नसेलच. तो नेमणुकीबद्दल असेल. जागा रिकामी नव्हती, जाहिरात नीट नव्हती, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत बसत नव्हती, म्हणून ही नेमणूक परिविक्षेवरची नव्हेच, तात्पुरती होती, असं म्हणतात. स्वतःच केलेली नेमणूक स्वतःच बेकायदा ठरवताना त्यांना संकोच वाटत नाही, याची सवय करून घ्या. यावर तुमचं उत्तर म्हणजे मान्यतेचं पत्र. ते मूळ स्वरूपात नसेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयातून साक्षांकित प्रत घ्या, आणि अपिलात संस्था व मुख्याध्यापकांसोबत शिक्षणाधिकाऱ्यांनाही पक्षकार करा. तुमच्या जिल्ह्याचं काम कोणत्या शाळा न्यायाधिकरणाकडे आहे, तेही तिथेच कळेल.

अपील जिंकलात तर न्यायाधिकरण परत रुजू करून घ्यायला आणि मधल्या काळाचं मानधन द्यायला सांगू शकतं. रुजू करणं योग्य वाटलं नाही, तर दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्याला सहा महिन्यांचा पगार देण्याची सोय आहे. अपील तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तुम्ही त्याहून जास्त वेळ धरून चला, आणि त्यानंतर औरंगाबाद खंडपीठात रिट होईल हेही धरून चला. तोवर दुसरीकडे शिकवणी किंवा तासिका घेतलीत तरी तुमचा हक्क बुडत नाही, फक्त तिथल्या कमाईचा हिशेब विचारला जाईल, म्हणून लपवू नका.

राहिला भाऊ. तो पूर्ण चुकीचा नाही. खासगी कंपनीत कलम ५ सारखी तरतूद नसते. नेमणूक पत्रातल्या परिविक्षेच्या अटीप्रमाणे साध्या शब्दांत काढलं, तर ती 'छाटणी' धरली जात नाही. म्हणून २४० दिवस भरलेल्या कामगारालाही छाटणीची एक महिन्याची नोटीस आणि भरपाई मागणं जड जातं. पण पत्रात सात दिवसांची नोटीस लिहिली असेल, तर कंपनीला ती पाळावीच लागते. चोरीचा, मारामारीचा ठपका ठेवून काढायचं असेल तर तिथेही चौकशी लागते. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्याप्रमाणे काढलेल्या कामगाराचं राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. त्याला म्हणावं, स्वतःचं नेमणूक पत्र एकदा काढून वाच. परिविक्षा किती महिन्यांची होती, आणि ती वाढवल्याचं लेखी पत्र त्याच्याकडे आहे का, एवढंच आधी बघ.

तुमच्या अपिलासाठी वकिलाकडे जाताना नेमणूक आदेश, मान्यतेचं पत्र, ८ एप्रिलचं पत्र आणि ते ज्या पाकिटात आलं ते पाकीटही सोबत न्या.